गणपती कोणत्या वाटेनं आला? एका तालुक्यातल्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या प्रसाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं भूगोल शिकवते. तालुक्याचं, गावांचं आणि माणसांचं नाव इथे देणार नाही. त्याचं कारण पुढे येईलच. मानवी भूगोलात ‘सांस्कृतिक प्रसार’ नावाचा भाग असतो. एखादी रीत, भाषा, सण किंवा पदार्थ एका जागेहून दुसरीकडे कसा जातो, याचे तीन मुख्य प्रकार त्यात शिकवतात.

पहिला विस्तार-प्रसार. गोष्ट मूळ जागी टिकून राहते आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत जाते. स्वीडनच्या टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांनी 1953 साली शेतकऱ्यांमध्ये नव्या पद्धती कशा पसरतात याचा जो अभ्यास मांडला, त्यात जवळ राहणाऱ्यांचा एकमेकांवर होणारा हा परिणाम केंद्रस्थानी होता. दुसरा श्रेणीबद्ध प्रसार. हाही विस्ताराचाच एक प्रकार, पण यात गोष्ट मोठ्या शहरातून लहान शहरात आणि तिथून बाजारगावात उडी मारत येते. मधली लहान गावं तशीच राहून जातात. तिसरा स्थलांतर-प्रसार. माणसं उठून दुसरीकडे जातात आणि आपली रीत बरोबर नेतात.

सार्वजनिक गणेशोत्सव हे या तिन्हींचं आपल्या घरचं उदाहरण. घरगुती गणपती फार जुना. सार्वजनिक उत्सवाचं आजचं रूप मात्र 1892-93 च्या सुमारास पुण्यात उभं राहिलं. त्याची सांगितली जाणारी एक हकीकत मला वर्गात सांगायला फार आवडते. कृष्णाजीपंत खासगीवाले ग्वाल्हेरला गेले, तिथे शिंद्यांच्या राज्यात थाटामाटात होणारा उत्सव त्यांनी पाहिला आणि पुण्यात परतून तो भाऊसाहेब रंगारी वगैरे मंडळींच्या कानावर घातला. म्हणजे मराठ्यांच्या स्थलांतराबरोबर उत्तरेत गेलेली रीत नवं रूप घेऊन माघारी आली. पुढे लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून तिला बळ दिलं. मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत 1893 मध्येच गणपती बसला.

या गोष्टीची दुसरी बाजू मॉरिशसमध्ये दिसते. तिथे 1834 नंतर गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्यांत मराठी माणसंही होती. त्यांतले बरेच जण सार्वजनिक उत्सव जन्माला येण्याच्या आधीच बोटीत बसले होते. त्यामुळे त्यांनी नेला तो घरातला गणपती. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, पण त्या उत्सवाचं मूळ पुण्याच्या मंडळात शोधून सापडणार नाही. स्थलांतरात माणूस जातो त्या दिवशी गावात जे असतं तेच त्याच्याबरोबर जातं. हा मुद्दा या प्रकरणात पुन्हा येणार आहे.

अडचण

तिसऱ्या वर्षाच्या सहा विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी विषय घेतला, ‘आपल्या तालुक्यात सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार’. तालुक्याचं शहर आणि भोवतालची चौदा गावं निवडली. प्रत्येक मंडळाच्या फलकावरचं ‘स्थापना’ साल टिपायचं, नकाशावर घालायचं आणि समान सालांच्या रेषा काढायच्या, अशी योजना होती. शहरात आधी, जवळच्या गावांत मग आणि डोंगरातल्या गावांत शेवटी, अशी पाण्यातल्या तरंगासारखी वर्तुळं दिसतील असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं, हे इथे सांगितलं पाहिजे. योजना मीच मंजूर केली होती.

तीन आठवड्यांनी नकाशा घेऊन पोरं आली, तेव्हा त्यांचे चेहरे उतरलेले होते. शहराला चिकटून असलेल्या, तीनच किलोमीटरवरच्या गावात मंडळ झालं 1987 मध्ये. डोंगरातल्या, पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या गावात मात्र 1961 साली गणपती बसत होता. बाजारगाव मध्येच कुठेतरी. वर्तुळ म्हणून काही उमटेना.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. एका गावात पोरांनी एका आजींना विचारलं, ‘‘आजी, तुमच्या गावात गणपती कधी आला?’’ आजी म्हणाल्या, ‘‘आरं बाळा, गणपती काय पाव्हणा हाय व्हय, आज आला न् उद्या गेला? तो घरचाच.’’ पोरांनी त्या उत्तरापुढे ‘माहिती नाही’ असं लिहिलं होतं. मला मात्र त्या एका वाक्यात आमच्या प्रश्नावलीतला सगळा दोष दिसला. आम्ही ‘गणपती’ म्हणत होतो, पण नेमकं कशाचा प्रसार मोजतोय हे ठरवलंच नव्हतं.

समोर कोणते पर्याय होते

सादरीकरणाला सहा आठवडे उरले होते. वर्गातच बसून आम्ही तीन वाटांचा विचार केला.

पहिली वाट सोपी होती. न जुळणारी तीन-चार गावं ‘अपवाद’ म्हणून बाजूला ठेवायची आणि उरलेल्यांवर वर्तुळं काढायची. एका विद्यार्थ्याचा याकडे कल होता, कारण पुस्तकातली आकृती तशीच असते. मी नको म्हटलं. चौदातली चार गावं नियमात बसत नसतील, तर ती अपवाद नसतात, नियमच तपासायला हवा असतो.

दुसरी वाट म्हणजे सगळ्यालाच ‘श्रेणीबद्ध’ म्हणायचं. पुण्याहून साताऱ्याला, तिथून तालुक्याला, तालुक्याहून गावात. हे ऐकायला पटतं, कारण वरून पाहिलं की प्रत्येक गोष्ट शेवटी पुण्या-मुंबईहूनच आलेली दिसते. पण त्यानं डोंगरातल्या गावाचं 1961 साल सुटत नव्हतं. ते गाव श्रेणीत सगळ्यात तळाशी आणि सालात सगळ्यात वर होतं.

तिसरी वाट कष्टाची होती. ‘गणेशोत्सव’ हा एक गठ्ठा न मानता त्याचे भाग वेगळे करायचे. घरगुती गणपती, सार्वजनिक मंडळ, मंडळाचं नाव आणि मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक, असे चार भाग. मग प्रत्येक भागाबद्दल ‘कधी’ इतकंच ‘कुणाच्या हातून’ हेही विचारायचं. यासाठी सगळी गावं पुन्हा फिरावी लागणार होती. विद्यार्थ्यांनी हीच वाट निवडली. मी फक्त एवढंच सांगितलं, की चौदाही गावं होणार नसतील तर दहाच करा, पण नीट करा. त्यांनी बारा केली.

पहिला निर्णय: साल कोणतं धरायचं

फलकावरचं साल हा कच्चा पुरावा असतो. मंडळ जुनं असण्याला मान आहे, विसर्जनाच्या मिरवणुकीतला क्रम त्यावर ठरतो, त्यामुळे साल मागे सरकत जातं. पुण्यातही पहिला सार्वजनिक गणपती कुणाचा, यावर आजवर वाद चालतोच. उलट धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी पाहिली तर ती प्रत्यक्ष सुरुवातीच्या कितीतरी वर्षं नंतरची असते, कारण वर्गणीचा हिशेब मोठा होईपर्यंत नोंदणीचं कुणाच्या मनात येत नाही. एक साल फार आधीचं, दुसरं फार नंतरचं.

आम्ही असं ठरवलं. प्रत्येक गावासाठी ‘निदान या साली तरी होता’ असं एकच साल लिहायचं आणि त्याला वहीचा किंवा खुणेच्या घटनेचा आधार हवा. वही म्हणजे जमाखर्चाची वही, वर्गणीची जुनी पावतीपुस्तकं, नाहीतर तारीख घातलेला फोटो. खुणेची घटना म्हणजे जी सगळ्या तालुक्याला आठवते ती. कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967. बहात्तरचा दुष्काळ. गावात वीज आली ते वर्ष. ‘‘भूकंपाच्या आधी बसत होता का नंतर?’’ असं विचारलं की माणूस साल सांगत नाही, पण चूक क्वचितच करतो. ‘‘भूकंपात देवळाची भिंत पडली, त्या वर्षी गणपती शाळेत बसवला हुता,’’ असं कुणी म्हटलं की भूकंपाच्या सुमारास मंडळ होतं, एवढं पक्कं होतं. फक्त तिथेही सांभाळावं लागतं. भूकंप डिसेंबरात झाला, म्हणजे शाळेत बसलेला गणपती पुढच्या भाद्रपदातला, 1968 चा. विद्यार्थ्यांनी आधी 1967 लिहिलं होतं.

दुसरा निर्णय: वाट कशी ओळखायची

इथे आम्ही एकदा चांगलेच चुकलो. मंडळाच्या नावावरून वाट ओळखता येईल, असा आमचा होरा होता. ‘अमुकचा राजा’ म्हणजे मुंबईचा वारा, कारण हा नावाचा साचा 1934 साली सुरू झालेल्या लालबागच्या गणपतीमुळे घरोघरी पोचला. ‘मानाचा’ म्हणजे पुण्याचा वारा, कारण कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे पाच मानाचे गणपती सगळ्यांना ठाऊक. एका गावाच्या कमानीवर ‘राजा’ दिसला, म्हणून पोरांनी त्यापुढे ‘मुंबई’ लिहून टाकलं. पुन्हा गेल्यावर कळलं, की ते मंडळ तालुक्याच्या शहरातून बदलून आलेल्या एका प्राथमिक शिक्षकांनी शाळेतल्या मुलांना घेऊन सुरू केलं होतं. ‘राजा’ हे नाव कितीतरी नंतर, टीव्हीवर मुंबईचे गणपती दिसायला लागल्यावर, तरुण पोरांनी चिकटवलं. मंडळ एका वाटेनं आलं आणि त्याचं नाव दुसऱ्या.

त्यानंतर नावाला हात न लावता आम्ही तीन साधे प्रश्न ठरवले. पहिली मूर्ती कुठून आणली? ती कुणी उचलून आणली? पहिली वर्गणी कुठे गोळा झाली? तिसरा प्रश्न एका विद्यार्थिनीला सुचला आणि तोच सगळ्यात कामाचा ठरला. माणसं सुरुवात कुणी केली यावर भांडतात, पण पैसे कुठून आले हे त्यांना बरोबर आठवतं.

हाती काय आलं

बारापैकी सात गावांत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच होतं. मुंबईत.

हे समजायला गिरणगाव समजायला हवं. परळ, लालबाग, काळाचौकी, वरळी भागात घाटावरच्या गावांनी मिळून भाड्यानं खोल्या घेतल्या होत्या. एका गावची वीस-पंचवीस माणसं एका खोलीत पाळीपाळीनं राहायची. पहिल्या पाळीतली उठली की रात्रपाळीची आडवी व्हायची. जेवण बाईच्या खाणावळीत. त्या खोलीत गावकीची पेटी असायची आणि महिन्याला काही पैसे तीत पडायचे. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, यात्रेचा तमाशा, सगळं त्या पेटीतून. डोंगरातल्या गावचा 1961 चा गणपती त्याच पेटीतून आला. ऐंशी ओलांडलेल्या एका बाबांनी सांगितलं, ‘‘मूर्ती परळच्या कारखान्यातनं घेतली. रात्रभर एस्टीत मांडीवर धरून आणली. घाटात वळण आलं की सगळ्या गाडीनं हात लावायचा.’’ ज्या चाळीत त्यांनी दहा दिवस उत्सव पाहिला होता, तो तसाच्या तसा, आरतीच्या क्रमासकट, त्यांनी गावात मांडला.

डोंगरातलं गाव नकाशावर मुंबईपेक्षा तालुक्याच्या शहराला कितीतरी जवळ होतं. पण त्या गावची माणसं शहरात जायची ती कचेरीच्या कामाला आणि बाजाराला. राहायची मात्र लालबागला. ते गाव गिरणगावाच्या शेजारी होतं.

मग शहराजवळच्या तीन किलोमीटरवरच्या गावात उत्सव इतका उशिरा का? यावर मी बराच विचार केला, कारण शहरात सार्वजनिक गणपती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बसत होता. आम्हाला 1936 ची जमाखर्चाची वही पाहायला मिळाली. व्याख्यानं, मेळे, कीर्तन, सगळं तीत आहे. तो उत्सव चालवणारी मंडळी म्हणजे वकील, मास्तर, वैद्य. बहुतेक ब्राह्मण. भोवतालच्या गावांत त्याच काळात सत्यशोधक चळवळीचे जलसे रंगत होते. 1919 ते 1921 च्या सुमारास सातारा जिल्ह्यात तिचा केवढा जोर होता, हे इतिहासात नोंदलेलं आहे. तीन किलोमीटरवरच्या त्या गावातल्या जुन्या माणसाचं म्हणणं सरळ होतं. ‘‘त्यो वाड्यावरचा गणपती. आमचं काय काम तिथं?’’ गाव शहराच्या इतकं जवळ होतं, की उत्सव पाहूनच त्यांनी तो घेतला नव्हता.

प्रसाराच्या भाषेत याला अडसर म्हणतात. पुस्तकात अडसराची उदाहरणं डोंगर, नदी, वाळवंट अशी असतात. आमच्या तालुक्यात डोंगर अडसर ठरला नाही, जात ठरली. गिरणगावातून उत्सव आला तेव्हा तो भावकीतल्या माणसाच्या मांडीवर बसून आला. त्यामुळे तो ‘वाड्यावरचा’ राहिला नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. किती किलोमीटर, यापेक्षा कुणी आणला, हे जड ठरतं.

शहरातल्या त्या जुन्या उत्सवाचं पुढे काय झालं, तेही वहीत दिसतं. 1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर या भागात ब्राह्मणांची घरं जळाली आणि बरीच कुटुंबं पुण्या-मुंबईला निघून गेली. वही 1947 च्या खर्चावर थांबते. आज शहरात त्याच चौकात जे मंडळ आहे, ते नंतर दुसऱ्या लोकांनी उभं केलं, पण फलकावर जुनं साल लावतं. त्याला खोटं म्हणायला माझं मन होत नाही. जागा तीच, देव तोच. नकाशासाठी मात्र ते एक थांबलेलं आणि एक नव्यानं सुरू झालेलं, असे दोन वेगळे बिंदू आहेत.

गिरणगावाच्या वाटेला एक दुःखाचा टप्पाही आहे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो घरांचा मुंबईशी असलेला धागा तुटला. सातपैकी तीन गावांत मंडळाची सुरुवात 1983 ते 1985 मधली निघाली. परत आलेली तिशी-पस्तिशीतली माणसं, हाताला काम नाही, शेत भावाच्या ताब्यात. त्यांनी चाळीतलं मंडळ गावात उभं केलं. विद्यार्थ्यांनी आधी याला ‘विस्तार’ म्हटलं होतं, कारण तीन्ही गावं एकमेकांना लागून आहेत. पण तिघांनी एकमेकांचं पाहून केलं नव्हतं. तिन्ही गावांची माणसं एकाच वेळी परतली होती. नकाशावर लागून असलेले बिंदू पाहून लगेच ‘शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे’ म्हणू नये, ते याचसाठी.

उरलेल्या पाचांपैकी चार गावांत वाट तालुक्याच्या शहरातून आली. त्यांत तो शिक्षकांनी मांडलेला गणपती आहे आणि शहराजवळचं ते गावही. तिथे 1987 ची सुरुवात शहरात दुकानं टाकलेल्या गावच्याच पोरांनी केली. पाचव्या गावाबद्दल ठामपणे काही सांगता येईना, म्हणून तिथे वाट कोरी ठेवली.

श्रेणीबद्ध प्रसाराचं नितळ उदाहरण आम्हाला मिळालं ते ढोल-ताशा पथकात. आमच्याकडे ढोल काही नवा नाही. धनगरी गजी नाचाचे ढोल आणि लेझीम जुनीच. पण एका तालात वाजवणारं, झेंडे नाचवणारं, एकसारखा पांढरा पोशाख घातलेलं पथक ही पुण्याची घडण. ते आधी आलं तालुक्याच्या शहरात, पुण्यात इंजिनियरिंगला असलेल्या मुलांबरोबर. मग सतरा किलोमीटरवरच्या बाजारगावात, कारण तिथे कॉलेज आहे आणि ढोल विकत घ्यायला पैसा आहे. मधल्या लहान गावांत त्याच्या कितीतरी नंतर. बाजारगावाभोवती मात्र ते झपाट्यानं पसरलं, कारण शेजारच्या वाड्यांतली पोरं तिथेच सरावाला जायची. म्हणजे वरून उडी मारत आलं आणि खाली उतरल्यावर पायी चालायला लागलं.

इथे वाट ओळखायची खूण भाषेत सापडली. पथकात ठरावीक ठेक्याला ‘हात’ म्हणतात, एक नंबरचा हात, दोन नंबरचा हात. ढोलाच्या कातड्याला ‘पान’ आणि वाजवायच्या काठीला ‘टिपरू’. गजीवाल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘हात’ या अर्थानं कधीच नव्हता. ज्या गावातली पोरं ‘हात’ म्हणतात तिथे पुण्याचं पथक पोचलं, असं धरायला हरकत नव्हती. मंडळाचं नाव वाऱ्यावर येतं, पण कामाचे शब्द शिकवणाऱ्याकडूनच येतात.

घाटाखालचं एक गाव

एका विद्यार्थ्याचं आजोळ घाटाखाली, कोकणात. तो म्हणाला, तिथली माणसंही मुंबईलाच आहेत, मग तिथे सार्वजनिक गणपती हवा. सुट्टीत तो जाऊन आला. तिथे तो नव्हता. चाकरमानी तर गणपतीला अख्खी मुंबई रिकामी करून गावी येतात. पण येतात ते आपापल्या घरच्या गणपतीला. संध्याकाळी आरतीची मंडळी घरोघर फिरते आणि भजनं रात्रभर चालतात. ज्याच्या घरी गणपती आहे तो चौकातल्या मंडपात बसणार कधी?

शहर तेच, चाळी त्याच, नेणारे-आणणारे हात तसेच, तरी फळ वेगळं. आमच्याकडे घरचा गणपती होता, पण तो बहुतेक घरांत गौरीबरोबर पाचव्या-सहाव्या दिवशी जायचा आणि गावाला एकत्र आणत नव्हता. ती जागा रिकामी होती. कोकणात ती आधीच भरलेली होती. गोव्यातही चवथ घराघरात, रानफळांनी सजवलेल्या माटोळीखाली, एवढी भरगच्च असते की सार्वजनिक उत्सव तिच्या शेजारी उभा राहतो, तिची जागा घेत नाही.

तिसरा निर्णय: छापायचं काय

सादरीकरणाच्या आठ दिवस आधी दोन मंडळांची माणसं माझ्याकडे आली. दोघांनाही आपलं साल अहवालात हवं होतं, दुसऱ्याच्या आधीचं. त्यांच्यात मिरवणुकीच्या क्रमावरून आधीच तेढ होती आणि मागच्या वर्षी पोलिसांना मध्ये पडावं लागलं होतं. आम्ही अहवालात सालांऐवजी दशकं दिली आणि गावांची नावं काढून त्यांचं वर्णन ठेवलं. विद्यार्थ्यांना हे आवडलं नाही. त्यांच्या कष्टाची धार त्यामुळे कमी झाली, हे खरंच आहे. नेमकी सालं आणि वह्यांचे फोटो विभागाच्या कपाटात आहेत. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

काय वेगळं करता आलं असतं

त्या एका आजी सोडल्या तर आम्ही पुरुषांनाच विचारलं. मंडळाचे कार्यकर्ते पुरुष, म्हणून तसं झालं. पण गिरणगावच्या खाणावळी चालवणाऱ्या बायका कोणत्या वर्षी कोण कुणाकडे जेवायला होतं हे बोटावर सांगतात. त्यांच्यापैकी दोघी याच तालुक्यात परत आलेल्या आहेत, हे आम्हाला अहवाल बांधून झाल्यावर कळलं. ‘घरचाच’ म्हणणाऱ्या आजींनाही पुन्हा भेटायला हवं होतं. त्या गावात वाट कोरी राहिली ती तिथेच.

‘एक गाव एक गणपती’ मोहिमेत दोन गावांतली मंडळं एकत्र झाली होती. आम्ही आज दिसणारी मंडळं मोजली, विरून गेलेली मोजलीच नाहीत. प्रसार मोजताना टिकलेलंच दिसतं आणि नकाशा खऱ्याहून सरळ भासतो.

सगळ्यात मोठी चूक वेगळी होती. बाराही गावांत बौद्ध वस्ती आहे. नकाशावर आम्ही ती जागा कोरी सोडली, जणू उत्सव तिथवर अजून पोचायचा आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला न मानण्याची प्रतिज्ञा आहे. उत्सव वस्तीच्या उंबऱ्यापर्यंत आला होता आणि लोकांनी विचार करून तो नाकारला होता. ‘पोचलं नाही’ आणि ‘घेतलं नाही’ यांना नकाशावर वेगळी खूण हवी. ती आमच्याकडे नव्हती. सादरीकरणात वस्तीतल्याच एका मुलीनं उभं राहून हे विचारलं, तेव्हा आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या तुकडीच्या प्रश्नावलीत आता पहिलाच प्रश्न असा आहे, ‘तुमच्या वस्तीत दरवर्षी काय साजरं होतं, आणि ते पहिल्यांदा कुणी आणलं?’ ती मुलगी या तुकडीत आहे. तिनं पहिली भरून आणलेली प्रश्नावली डोंगरातल्या त्याच गावच्या बौद्ध वस्तीची होती. जयंतीची पहिली मिरवणूक, पहिला निळा झेंडा कुठून आणला, या रकान्यात लिहिलं होतं, ‘वरळी, बीडीडी चाळ. रात्रीच्या एस्टीनं.’